"पैसे येणार" म्हणून यूपीआय रिक्वेस्ट मंजूर केली आणि ४,००० गेले. मंजूर करण्याआधी नक्की काय बघायचं?

गोदाकाठ | १९ ऑगस्ट २०२५, रात्री ९:१२

मंडळी, परवा रविवारी आमच्या घरी जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. मला शेवटी दोन प्रश्न विचारायचे आहेत, पण आधी प्रसंग सांगितल्याशिवाय ते कळणार नाहीत.

आईचं जुनं शिवणयंत्र विकायचं होतं. पायाने चालवायचं, लाकडी टेबलासकट. बाबांनी (वय ७१) जुन्या वस्तूंच्या एका साइटवर जाहिरात टाकली, किंमत ६,५०० लिहिली. पंधरा मिनिटांत फोन. माणूस हिंदीत बोलत होता, देवळाली कॅम्पला पोस्टिंग आहे म्हणाला. आम्ही नाशिकचे, त्यामुळे देवळाली म्हटल्यावर बाबांना काही खटकलं नाही. त्याने भाव अजिबात केला नाही. "मशीन मिसेसला आवडलं, दुपारी गाडी पाठवतो, पैसे आत्ताच टाकतो" एवढंच.

आधी त्याने खरोखर १ रुपया पाठवला. "आला का अंकल?" आला होता. इथेच बाबांचा विश्वास बसला. मग म्हणाला, आमच्याकडे दोन-दोन हजारांचे हप्ते पडतात, आता पहिला हप्ता येईल, तुम्ही फक्त स्वीकारा. बाबांच्या मोबाईलवर सूचना आली, त्यांनी उघडली, पिन टाकला. २,००० खात्यातून गेले.

बाबा म्हणाले, अहो इकडून कमी झाले. तर तो म्हणे, "हां अंकल, उलटी एंट्री पडली. दुसरी रिक्वेस्ट टाकतो, ती घ्या, म्हणजे चारही हजार एकदम येतील." बाबांनी दुसऱ्यांदा पिन टाकला. तेव्हा ११:४७ झाले होते. मी भाजी घेऊन आलो तेव्हा फोन स्पीकरवर होता आणि बाबा तिसरी रिक्वेस्ट उघडत होते.

मी मोबाईल हातात घेऊन प्रलंबित विनंत्यांची यादी उघडली. तिथे तीन होत्या. २,००० ची एक आणि ५०० ची एक, दोन्ही त्याच माणसाच्या. तिसरी ५०१ रुपयांची. घाबरून मी तिन्ही नाकारल्या. संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या खजिनदारांचा फोन आला, "काका, गणपतीची वर्गणी नाकारलीत का हो?" ती ५०१ ची रिक्वेस्ट त्यांची होती!

तर प्रश्न असे. एक, खरी रिक्वेस्ट आणि फसवी यांत फरक करायचा कसा? मला स्वतःलाही त्या क्षणी करता आला नाही. दोन, गेलेले ४,००० मिळण्याची काही शक्यता आहे का? सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली आहे.

---

तांबडामाती | १९ ऑगस्ट, रात्री ९:४०

फार वाईट वाटलं. सगळ्यांसाठी एक महत्त्वाचं सांगतो. हल्ली हे लोक आधी थोडे पैसे टाकतात आणि लगेच मागे रिक्वेस्ट लावून ठेवतात. आपण पैसे आले का बघायला ॲप उघडून शिल्लक बघण्यासाठी पिन टाकला की ती रिक्वेस्ट आपोआप मंजूर होते. म्हणून अनोळखी पैसे आले तर पहिल्यांदा मुद्दाम चुकीचा पिन टाकायचा. म्हणजे रिक्वेस्ट रद्द होते. ग्रुपवर आलं होतं, पोलिसांनीच सांगितलंय.

---

खातेवही | १९ ऑगस्ट, रात्री १०:२५

गोदाकाठ, मी सांगलीकडे एका सहकारी बँकेत याच कामात आहे. यूपीआयच्या तक्रारी रोज हाताखालून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तांबडामाती यांच्या मुद्द्याबद्दल. यातला पहिला भाग बरोबर आहे. थोडे पैसे टाकून मागे रिक्वेस्ट लावण्याची पद्धत खरी आहे आणि गोदाकाठांच्या बाबांना आलेला १ रुपया त्यातलाच. पण शिल्लक बघायला टाकलेला पिन रिक्वेस्टला लागत नाही. या बातम्या पसरल्या तेव्हा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनेही तसा खुलासा केला होता. प्रत्येक पिन एका कामापुरता असतो. रिक्वेस्ट मंजूर व्हायला तुम्हाला ती रिक्वेस्टच उघडावी लागते, पैसे देण्याचं बटण दाबावं लागतं आणि त्यानंतर येणाऱ्या पानावर पिन टाकावा लागतो. चुकीचा पिन टाकायचा उपाय करू नका. दोन-चारदा केलात तर पिन अडकून बसेल आणि नेमका गरजेच्या वेळी चालणार नाही. रिक्वेस्ट नको असेल तर नाकारायची, त्याला पिन लागत नाही.

आता मूळ गोष्ट. यूपीआयमध्ये पैसे दोन तऱ्हेने हलतात. एक तर मी माझ्या हाताने पाठवतो, किंवा समोरचा मागतो आणि मी हो म्हणतो. दोन्हीकडे पैसे माझ्याच खात्यातून जातात आणि दोन्हीकडे पिन माझाच लागतो. खात्यात पैसे यायला मात्र काहीही करावं लागत नाही. ॲप बंद असलं, मोबाईल बंद असला तरी येतात. बाबांना तो १ रुपया आला तेव्हा त्यांनी काय दाबलं होतं? काहीच नाही. त्यानंतरचे "हप्ते" खरोखर येणारे असते तर तेही तसेच आले असते. तुमच्या प्रसंगातला खरा पुरावा त्या ठगानेच बाबांच्या हातात दिला होता.

हप्ते दोन-दोन हजारांचेच का, तेही सांगतो. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे रिक्वेस्टने पैसे मागायला एका वेळी २,००० ची मर्यादा आहे. ६,५०० एकदम मागता येत नाहीत, म्हणून २,०००, २,०००, २,००० आणि ५००. तुम्ही पाहिलेल्या यादीत नेमकं तेच राहिलं होतं बघा. पैसे पाठवणाऱ्याला असले तुकडे करावे लागत नाहीत, मागणाऱ्यालाच लागतात. "हप्ते पडतात" हे वाक्य ऐकू आलं की समोरचा मागतोय हे समजावं.

---

गोदाकाठ | १९ ऑगस्ट, रात्री १०:५१

खातेवही, हे तुकड्यांचं डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही समजत होतो की त्याच्या ऑफिसची काही पद्धत असेल.

आज बाबांचा मोबाईल शांतपणे परत बघितला. त्या रिक्वेस्टच्या खाली `Payment credit sewing machine` असा मजकूर होता. बाबांनी अक्षरं मोठी करून ठेवली आहेत, त्यामुळे त्यांच्या पडद्यावर फक्त `Payment credit se…` एवढंच दिसत होतं. ते म्हणतात, क्रेडिट लिहिलं होतं, म्हणजे जमाच ना? ते ३४ वर्षं शिक्षक होते, हिशेबाला चोख. क्रेडिट म्हणजे जमा हे त्यांना पक्कं माहीत आहे, आणि त्याच शब्दाने त्यांना फसवलं.

---

खातेवही | १९ ऑगस्ट, रात्री ११:१८

तो मजकूर मागणारा स्वतः लिहितो. तिथे क्रेडिट, रिफंड, कॅशबॅक, काहीही टाइप करता येतं. बँक तो शब्द तपासत नाही. आपण पाकिटावर काय लिहायचं ते लिहितो आणि टपालवाला वाचून आत काय आहे ते ठरवत नाही, तसंच.

म्हणून त्या पानावर ज्या गोष्टी मागणाऱ्याच्या हातात नाहीत, त्याच बघायच्या. सगळ्यात महत्त्वाचं पिनचं पान. तिथे पैसे कोणाला जाणार त्याचं नाव आणि रक्कम असते, आणि बहुतेक ठिकाणी खाली ठळक पट्टीत तुमच्या खात्यातून अमुकला पैसे जात आहेत असं वाक्य असतं. इंग्रजीत `Sending` किंवा `transferring` दिसलं की विषय संपला. पण वस्तुस्थिती अशी आहे की पिनचं पान येईपर्यंत माणसाचं बोट सवयीने चालायला लागलेलं असतं आणि कानात दुसरा कोणी बोलत असतो. त्यामुळे अडवायचं असेल तर त्याच्या एक पाऊल आधी, यादीत.

बाबांना एवढंच करायला सांगा. सूचनेवर बोट ठेवून रिक्वेस्ट उघडायची नाही. आधी फोन ठेवायचा. मग ॲप आपल्या हाताने उघडायचं आणि प्रलंबित विनंत्यांच्या यादीत जायचं. प्रत्येक ॲपमध्ये ती जागा वेगळी असते, कुठे घंटीच्या खुणेखाली, कुठे व्यवहारांच्या इतिहासात. तुम्ही शेजारी बसून ती एकदा शोधून द्या. यादीत सगळ्या विनंत्या एकाखाली एक दिसतात आणि त्यातून बरंच कळतं. परवा बाबांनी ती उघडली असती तर एकाच माणसाच्या दोन मागण्या तिथे बसलेल्या दिसल्या असत्या. जो माणूस पैसे देणार आहे त्याच्या नावाच्या दोन मागण्या माझ्याकडे कशासाठी?

आता वर्गणीचं. ती खरी आणि ठगाची खोटी, पण तांत्रिकदृष्ट्या दोन्ही एकच आहेत. नुसत्या पडद्यावरून फरक कळत नाही, म्हणून तुम्हाला करता आला नाही यात तुमचं काही चुकलं नाही. फरक पडद्याबाहेर असतो. खजिनदारांची विनंती म्हणजे मी देणं लागतो असे पैसे, रक्कम मला आधीच माहीत, माणूस ओळखीचा. तरीही मी एक फोन करीन, कारण नाव सारखं असू शकतं. विनंती नाकारल्याने काही बिघडत नाही. खजिनदार परत पाठवतील, किंवा बाबा स्वतःच त्यांच्या नंबरवर ५०१ टाकतील. मी तर हेच करतो. ओळखीच्याची रिक्वेस्ट आली तरी ती नाकारून पैसे माझ्या हाताने पाठवतो.

---

रापणकर | २० ऑगस्ट, सकाळी ७:०५

मी मालवणात होमस्टे चालवतो. आमच्याकडे हाच प्रकार वेगळ्या वाटेने येतो, म्हणून लिहितो.

एप्रिलमध्ये एकाने दोन खोल्या चार दिवसांसाठी हव्यात म्हणून फोन केला. ॲडव्हान्स ९,००० लगेच टाकतो म्हणाला आणि व्हॉट्सॲपवर क्यूआर पाठवला. "हा स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात जमा होतील." मला विचित्र वाटलं. आमच्या पडवीत क्यूआर लावलेला आहे, पाहुणे त्यावर स्कॅन करतात आणि पैसे मला येतात. म्हणजे जो स्कॅन करतो तो देतो. मग मी स्कॅन केला तर मीच देणार ना? मी त्याला आमच्या पडवीतल्या क्यूआरचा फोटो पाठवला आणि यावर भरा म्हटलं. तो चिडला, आमच्या कंपनीची सिस्टीम वेगळी आहे म्हणाला, आणि फोन ठेवला.

तेव्हापासून बुकिंगच्या फोनवर मी एवढंच सांगतो, माझा क्यूआर पाठवतो, त्यावर भरा, खात्यात दिसले की खोली तुमची. बायकोला आणि मुलालाही हेच सांगून ठेवलंय. सीझनमध्ये फोन कोण उचलेल ते सांगता येत नाही.

---

वसईकर_७० | २० ऑगस्ट, सकाळी ११:३३

माझ्याकडून काल दुसऱ्याच नंबरवर २०,००० गेले. एक आकडा चुकला. त्या माणसाला रिक्वेस्ट पाठवून पैसे परत मागता येतील का? खातेवही साहेब, कृपया सांगा. २०,००० असल्याने दहा रिक्वेस्ट कराव्या लागतील का?

---

खातेवही | २० ऑगस्ट, दुपारी १:५०

वसईकर, तुमचा विषय निराळा आहे आणि रिक्वेस्टने सुटणार नाही. तुमच्या दहा रिक्वेस्ट त्या अनोळखी माणसाला फसवणूकच वाटतील आणि तो तुम्हाला ब्लॉक करेल. ॲपमध्ये तो व्यवहार उघडून चुकीच्या खात्यात गेल्याची तक्रार नोंदवा आणि आजच तुमच्या बँकेला लेखी द्या. बँक समोरच्या बँकेमार्फत त्या खातेदाराला विचारते. तो हो म्हणाला तर पैसे परत येतात.

रापणकर, तुमची "स्कॅन करतो तो देतो" ही ओळ मी शाखेत लावणार आहे.

---

मुळामुठा | २० ऑगस्ट, दुपारी ३:१५

मला स्पष्ट बोलायचंय. सत्तरीच्या पुढच्या लोकांच्या मोबाईलवर यूपीआय ठेवूच नये. माझ्या सासऱ्यांचं मी काढून टाकलं. लागेल तेव्हा आम्ही भरतो. धोका पत्करायचा कशाला?

---

अत्रेबाई | २० ऑगस्ट, संध्याकाळी ६:४०

मुळामुठा, मी ७३ वर्षांची आहे आणि एकटी राहते. दूध, औषधं, रिक्षा, भाजी, सगळं मोबाईलवरून देते. सुट्ट्या पैशांसाठी रिक्षावाल्याशी होणारी भांडणं माझी या ॲपमुळे संपली. ते काढून घेतलंत तर प्रत्येक वेळी मला कोणाला तरी फोन करावा लागेल आणि मी तो करणार नाही, मी औषध आणायचं पुढे ढकलीन. गोदाकाठ, बाबांचं ॲप काढू नका, अशी माझी विनंती आहे. चूक झाल्यावर त्यांच्या हातातून वस्तू काढून घेतलीत तर पुढच्या वेळी ते तुम्हाला सांगणारच नाहीत.

मी काय केलंय ते सांगते. पेन्शनच्या खात्याला यूपीआय जोडलेलंच नाही. दुसरं एक बचत खातं आहे, त्यात महिन्याला ५,००० टाकते आणि यूपीआय फक्त त्याला. आणि दर रविवारी सकाळी चहा घेताना प्रलंबित विनंत्यांची यादी उघडते, असेल ते सगळं नाकारते. आजवर तिथे माझ्या कामाचं एकदाही काही सापडलं नाही.

---

मुळामुठा | २० ऑगस्ट, संध्याकाळी ७:२२

अत्रेबाई, तुमचं म्हणणं समजलं. पण सगळे तुमच्यासारखे नसतात. सासरे फोनवर कोणी आवाज चढवला की गोंधळतात. मी माझा निर्णय बदलणार नाही.

---

गोदाकाठ | २१ ऑगस्ट, रात्री ९:३०

अत्रेबाई, तुमचं बाबांना वाचून दाखवलं. रविवारपासून ते नीट जेवत नव्हते. "त्या बाईंना सांग, मी पण दुसरं खातं काढतो" म्हणाले.

१९३० चं सांगायचं राहिलं. आम्ही १२:०५ ला फोन लावला, रविवार असूनही उचलला. बँकेचं नाव, खात्याचे शेवटचे आकडे, रक्कम, वेळ, मागणाऱ्याचा यूपीआय आयडी आणि दोन्ही व्यवहारांचा बारा आकडी संदर्भ क्रमांक विचारला. हा क्रमांक शोधण्यातच आमची पाच मिनिटं गेली. तो ॲपच्या इतिहासात त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो आणि बँकेच्या मेसेजमध्येही असतो. मग तक्रार क्रमांकाचा मेसेज आला आणि २४ तासांच्या आत cybercrime.gov.in वर बाकीची माहिती भरायला सांगितली. ती त्याच रात्री भरली, पडद्याचे फोटो जोडले.

आज बँकेतून कळलं की दुसरे २,००० पुढच्या खात्यात गोठवले गेलेत. पहिले २,००० एटीएममधून काढून झाले होते. बँक म्हणते, पिन तुम्ही टाकलाय म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीचा आहे, आमची जबाबदारी नाही. हे बरोबर आहे का?

---

खातेवही | २१ ऑगस्ट, रात्री १०:४४

दुःखाची गोष्ट आहे, पण बहुतेक बँका हेच म्हणतील. रिझर्व्ह बँकेचं ग्राहकाच्या जबाबदारीबद्दलचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. त्यात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नाही असं आहे, पण ते आपल्या परवानगीवाचून झालेल्या व्यवहारांसाठी. पिन आपण टाकला की बँक तिथेच बोट ठेवते. फसवून घेतलेली संमती ही संमती मानायची का, यावर माझं स्वतःचं मत बँकेपेक्षा वेगळं आहे, पण माझ्या मताने पैसे मिळत नाहीत. लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं, फी नाही. निकाल तुमच्या बाजूने लागेलच असं मी म्हणणार नाही.

गोठवलेले २,००० ही खरी आशा आहे. तुम्ही अठरा मिनिटांत फोन केलात म्हणून ते सापडले. ते परत मिळायला पोलीस आणि न्यायालयाच्या वाटेने जावं लागतं, वेळ लागेल. तक्रार क्रमांक घेऊन सायबर पोलीस ठाण्यात पाठपुरावा करत राहा.

आणि एक बातमी. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे अशी रिक्वेस्ट पाठवण्याची सोयच १ ऑक्टोबरपासून बंद होतेय. एनपीसीआयने २९ जुलैला बँकांना तसं कळवलंय. बाबांना आलेली रिक्वेस्ट त्यानंतर आली नसती. तुमच्या खजिनदारांनाही वर्गणी दुसऱ्या मार्गाने घ्यावी लागेल.

---

डबेवालीताई | ६ डिसेंबर २०२५, दुपारी ४:१८

जुना धागा वर काढते, माफ करा. वर खातेवही म्हणतात रिक्वेस्ट बंद झाली. मग मला ही काय आली?

मी ठाण्यात घरगुती डबे देते. एका ऑफिसातून बोलतोय म्हणून फोन आला, १२ डबे रोज हवेत. महिन्याचं बिल "ऑटोने जमा होईल", त्यासाठी एकदा मंजुरी द्या म्हणाले. ॲपमध्ये विनंती आलीये. रक्कम ४,९९९ आणि आधी "पर्यंत" अशा अर्थाचा शब्द आहे, महिन्यातून एकदा, शेवटची तारीख २०२७ मधली. मागणाऱ्याचं नाव कुठल्याशा सर्व्हिसेसचं आहे. पिन टाकलेला नाही. हा धागा आधी वाचला होता म्हणून थांबले.

---

खातेवही | ६ डिसेंबर, संध्याकाळी ५:०२

ताई, थांबलात हे फार चांगलं केलंत. आता ती नाकारा, बाकीचं नंतर वाचा.

ऑक्टोबरपासून बंद झाली ती व्यक्तीने व्यक्तीला पाठवायची रिक्वेस्ट. दुकानदार म्हणून नोंद असलेल्यांची मागणी राहिली आहे, तिलाही हळूहळू कात्री लागतेय. तुम्हाला आलेली या दोन्हींपेक्षा वेगळी आहे. ती ऑटोपेची परवानगी आहे, म्हणजे दर महिन्याला तुमच्या खात्यातून पैसे काढायला कायमचं हो. गोदाकाठांच्या बाबांना प्रत्येक २,००० साठी पिन टाकावा लागला, म्हणून दोनवर थांबलं. इथे पिन एकदाच. पुढे १५,००० पर्यंतच्या कापणीला साधारणपणे परत पिन लागत नाही. कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते, पण ती कितीजण वाचतात?

ओळखायची खूण तुम्हीच लिहिली आहे. "पर्यंत", "महिन्यातून एकदा" आणि शेवटची तारीख, हे तीन एकत्र दिसले की ती एका वेळची मागणी नाही. डब्याचे पैसे तुम्हाला यायचे असतील तर ऑटोपे त्या ऑफिसच्या ॲपवर लागायला हवा, तुमच्या नव्हे.

आणि प्रलंबित यादीबरोबर ऑटोपेचीही यादी बघत जा, ती ॲपमध्ये वेगळ्या जागी असते. तिथे चालू असलेल्या परवानग्या दिसतात आणि नको ती तिथूनच रद्द करता येते.

---

डबेवालीताई | ६ डिसेंबर, संध्याकाळी ५:४०

नाकारली. ऑटोपेची यादी उघडली तर तिथे आणखी एक निघाली, १९९ ची, मार्चपासून चालू. मुलाने गाण्यांच्या ॲपसाठी लावली होती आणि विसरला होता. तीही रद्द केली.

त्या ऑफिसवाल्याचा परत फोन आला. मी म्हटलं, माझ्या नंबरवर पहिल्या आठवड्याचे पैसे टाका, सोमवारपासून डबे सुरू करते. "साहेबांना विचारतो" म्हणाला. अजून फोन नाही.

---

गोदाकाठ | ७ डिसेंबर, सकाळी ८:२६

धागा वर आला म्हणून कळवतो. गोठवलेले २,००० अजून मिळालेले नाहीत, ठाण्यात दोनदा जाऊन आलो. बँकेचं उत्तर "व्यवहार ग्राहकाच्या पिनने" एवढंच आलं, लोकपालाकडे अर्ज केलाय.

शिवणयंत्र गल्लीतल्याच एका मुलीने नेलं, ५,००० ला. तिने बाबांसमोर उभं राहून पैसे टाकले. बाबांनी मोबाईल टेबलावर पालथा ठेवला होता आणि हात मागे बांधले होते. मेसेज वाजल्यावर त्यांनी तो उचलला, खात्यात ५,००० दिसतात का ते बघितलं आणि मग यंत्राच्या ड्रॉवरची किल्ली तिच्या हातात दिली.

---

वसईकर_७० | ७ डिसेंबर, सकाळी १०:११

माझे २०,००० मिळाले. समोरचे गृहस्थ भले निघाले, बँकेने फोन केल्यावर लगेच हो म्हणाले. पण त्यांनी आधी बँकेचा फोन खरा की खोटा हे बघायला स्वतः शाखेत जाऊन चौकशी केली, त्यात नऊ दिवस गेले.

खातेवही, एक विचारायचं राहिलं. माझ्या ॲपमध्ये प्रलंबित विनंत्यांची यादी रिकामी दिसते, पण मेसेजमध्ये एक लिंक आलीये, "तुमचे पेमेंट प्रलंबित आहे, इथे मंजूर करा" अशी. ती यादीत का दिसत नाही?

---

रापणकर | ७ डिसेंबर, सकाळी १०:१९

वसईकर, यादीत नाही म्हणजे बँकेकडून आलेलीच नाही. लिंक उघडू नका. खातेवही सविस्तर सांगतीलच, तोवर मोबाईल बाजूला ठेवा.